मेलमधला एक 'अ' गळतो आणि धीर द्यायचा तिथे भीती जाते: फ्यू, अ फ्यू, लिटल, अ लिटलचा घोळ

बडोद्याला मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत एका व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीत मी एक्स्पोर्टचं काम बघते. ऑर्डर आल्यापासून माल पोर्टला जाईपर्यंत बाहेरच्या बायरशी जो काही मेलव्यवहार होतो तो सगळा आमच्या टेबलावरून जातो, आणि गेल्या काही वर्षांत एकच चूक मी इतक्यांदा सुधारलीये की आता एकदा नीट लिहूनच काढते. आमच्याकडे नवीन कोणी आलं की तीन-चार महिन्यांत ही चूक होतेच, मग तो मराठी असो, गुजराती असो की युपीचा.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. 240 गेट व्हॉल्व्हची ऑर्डर होती, बायर इंग्लंडचा. गुरुवारी त्यांचा थर्ड पार्टी इन्स्पेक्टर मुंबईहून येणार होता आणि सोमवारी आमच्याकडे 38 व्हॉल्व्ह टेस्टिंगला तयार होते, म्हणजे पहिला लॉट दाखवायला भरपूर. अडचण एकच होती, गॅस्केटचा व्हेंडर उशीर करत होता आणि अजून पाच-सहा दिवस लागतील असं दिसत होतं. आमच्या नवीन मुलाला सांगितलं की बायरला दोन ओळी टाक, थोडे व्हॉल्व्ह तयार आहेत म्हणजे इन्स्पेक्टरला येऊ दे, आणि गॅस्केटची जरा काळजी आहे हेही कळव म्हणजे ते दुसऱ्या मेकला अप्रूव्हल देऊन ठेवतील. त्याने लगेच लिहिलं, माझा फोन चालू होता, मी न वाचताच जाऊ दिलं. मेल असा होता:

```
Few valves are ready for inspection.
We are little worried about the gaskets.
```

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं:

```
What is holding up the rest?
Let's move the inspection to next week.
Glad the gaskets are not a concern.
```

मुलगा येऊन म्हणाला, ताई, यांनी मेल वाचलाच नाहीये नीट. पण वाचला होता, अगदी नीट वाचला होता. पहिल्या ओळीत त्याला कळलं की व्हॉल्व्ह जवळजवळ तयारच नाहीत, आणि दुसऱ्या ओळीत कळलं की गॅस्केटची यांना काळजीच नाही. दोन्ही ओळींत एकच अक्षर गळलं होतं, तो एवढासा 'अ', पण बघा, एका ओळीत त्यामुळे धीर द्यायचा तिथे इशारा गेला आणि दुसऱ्या ओळीत इशारा द्यायचा तिथे धीर गेला. इन्स्पेक्शन आठवडाभर पुढे गेलं, आणि दुसऱ्या मेकचं अप्रूव्हल मागायलाही उशीर झाला.

आता हे का होतं. आपल्या भाषेत असा आर्टिकल प्रकारच नाही, त्यामुळे इंग्रजी लिहिताना 'अ' आणि 'द' कुठेकुठे गळतात, आणि बाकी ठिकाणी त्याने फारसं बिघडतही नाही, समोरचा समजून घेतो. "प्लीज सेंड ड्रॉइंग" लिहिलं तरी ड्रॉइंग येतं. पण फ्यू आणि लिटलच्या आधीचा 'अ' तसा नाही, तो गेला की वाक्य चुकत नाही, वाक्याचा अर्थ उलटतो, आणि उलटलेलं वाक्यही व्याकरणाने शंभर टक्के बरोबर असतं. म्हणून स्पेलचेक तिथे लाल रेघ मारत नाही आणि समोरच्यालाही हा चुकला असेल अशी शंका येत नाही.

बहुतेक जणांच्या डोक्यात असं बसलेलं असतं की फ्यू म्हणजे कमी आणि अ फ्यू म्हणजे त्याहून जरा जास्त. शाळेतही असंच काहीतरी शिकवलेलं असतं. पण आकड्याने हे सुटत नाही, कारण आकडा दोन्हीकडे तोच असू शकतो. 240 पैकी 38 हे फ्यूही आहेत आणि अ फ्यूही आहेत. फरक तुम्ही बोट कुठे दाखवताय याचा आहे. अ फ्यू म्हणताना बोट त्या 38 कडे आहे, की बघा, आहेत. फ्यू म्हणताना बोट उरलेल्या 202 कडे आहे, की बघा, नाहीत. लिटलचंही तेच, फक्त ते मोजता न येणाऱ्या गोष्टींना लागतं, वेळ, स्टॉक, प्रगती, जोखीम, काळजी.

ही बोट दाखवायची गोष्ट मी मनाची सांगत नाहीये. ग्लासगो युनिव्हर्सिटीत लिंडा मॉक्सी आणि अँथनी सॅनफर्ड यांनी 1980 च्या दशकात यावर प्रयोग केले होते. लोकांना असं वाक्य द्यायचं की फ्यू फॅन्स मॅचला गेले, आणि पुढचं वाक्य 'ते' ने सुरू करून पूर्ण करायला सांगायचं. लोक बहुतेक वेळा जे गेले नाहीत त्यांच्याबद्दल लिहायचे, की ते घरी बसले वगैरे. तेच वाक्य अ फ्यूने दिलं की जे गेले त्यांच्याबद्दल लिहायचे. मला हे कळलं तेव्हा आमच्या बायरचं उत्तर एकदम लख्ख दिसलं, त्याने विचारलं काय, तर बाकीचे का अडलेत. न तयार झालेल्यांबद्दलच विचारलं. 'अ' असता तर त्याने विचारलं असतं कुठल्या साइझचे तयार आहेत.

आणि हीच ओळखायची पहिली खूण आहे. तुम्ही काय लिहिलं होतं ते नंतर आठवत नसेल तरी आलेलं उत्तर कशाबद्दल आहे ते बघा. तुम्ही जे आहे ते सांगितलं होतं आणि उत्तर जे नाही त्याबद्दल आलं, बाकीचे कधी, का अडलंय, प्लॅन काय, तर सेंट आयटममध्ये जाऊन आपला मेल उघडा, बहुतेक तिथे फ्यू किंवा लिटल एकटं बसलेलं सापडेल. आणि तुम्ही धोक्याची सूचना दिली होती पण उत्तरात समोरचा निवांत आहे, थँक्स, गुड टू नो, तर ती उलटी केस, तीही तिथेच सापडेल.

आता मेल जायच्या आधी कसं पकडायचं. मी मुलांना व्याकरण शिकवायला जात नाही, कारण आपल्याकडे याचा मोजायचा काटा मराठीतच आहे, तो म्हणजे 'च'. थोडे व्हॉल्व्ह तयार आहेत, हे अ फ्यू. थोडेच व्हॉल्व्ह तयार आहेत, हे फ्यू. थोडा वेळ आहे, बसा, चहा घ्या, हे अ लिटल. थोडाच वेळ आहे, निघा, हे लिटल. म्हणजे इंग्रजी 'अ' घालून जे करतं ते आपण 'च' न लावून करतो, आणि इंग्रजी 'अ' काढून जे करतं ते आपण 'च' लावून करतो. उलटं आहे म्हणूनच गळतं, कारण आपल्या मनात साधं, काही न लावलेलं 'थोडे' म्हणजे आहेत, बरं आहे, आणि इंग्रजीत साधं, काही न लावलेलं फ्यू म्हणजे नाहीत, वाईट आहे. बडोद्यात तर आपल्याला गुजरातीचाही आधार आहे, थोडा दिवस आणि थोडा ज दिवस, तो 'ज' म्हणजे आपला 'च'च. आमच्या गुजराती मुलांना मी 'ज' लावून विचारते आणि लगेच कळतं त्यांना.

आणि हा 'च' नुसता कमी दाखवत नाही, तो नकाराकडे झुकतो, हे तर आपण रोज बोलतो. "मी थोडाच जाणार आहे तिकडे" म्हणजे मी जाणारच नाहीये. फ्यूमध्ये आणि लिटलमध्ये हाच झोक आहे. ते दिसायला मोजमाप असतात पण वागतात नाहीसारखे, म्हणून त्यांच्या वाक्यात 'एनी' आणि 'एव्हर' सहज बसतात, जसे 'नॉट'च्या वाक्यात बसतात.

तर पद्धत अशी, मेल लिहून झाला की त्यात फ्यू आणि लिटल शोधायचे, ब्राउझरमध्ये Ctrl+F ने शोधता येतं, पण डेस्कटॉपच्या जुन्या आउटलुकमध्ये Ctrl+F दाबलं की मेल फॉरवर्ड व्हायला उघडतो, तिथे F4 वापरा. जिथे सापडेल ते वाक्य मोठ्याने मराठीत म्हणायचं, एकदा 'च' लावून आणि एकदा न लावता, आणि स्वतःला विचारायचं की मला यातलं कुठलं म्हणायचंय. 'च' हवा असेल तर 'अ' नको. 'च' नको असेल तर 'अ' हवाच. एवढंच. मनातल्या मनात नाही, मोठ्यानेच म्हणा, कारण मनात आपण आपल्याला हवा तो सूर आपोआप लावून वाचतो आणि चूक दिसत नाही.

पण यात एक जागा आहे जिथे बहुतेक जण पुन्हा अडकतात. आमच्या मुलाला मी 'च' समजावला, त्याने मनावर घेतलं, आणि पुढचा महिनाभर तो सगळीकडे 'अ' घालायला लागला, कारण त्याच्या डोक्यात बसलं की 'अ' म्हणजे चांगलं, 'अ' म्हणजे धीर. त्याला लिहायचं होतं की उशीर व्हायची शक्यता फारशी नाही, आणि त्याने लिहिलं:

```
There is a little risk of delay.
```

बायरचा त्याच दिवशी फोन, किती दिवसांचा उशीर. बिचारा धीर द्यायला गेला होता. तेव्हा मी त्याला सांगितलं की 'अ' धीर देत नाही आणि इशाराही देत नाही, 'अ' फक्त एवढंच म्हणतो की गोष्ट आहे. आता जी गोष्ट आहे ती चांगली असेल तर ऐकणाऱ्याला धीर मिळतो, वाईट असेल तर तो सावध होतो. तयार व्हॉल्व्ह, हातातला वेळ, शिल्लक स्टॉक या हव्याशा गोष्टी, त्या आहेत म्हटलं की बरं वाटतं आणि फारशा नाहीत म्हटलं की पोटात गोळा. लीकेज, जोखीम, काळजी, उशीर, तक्रारी या नकोशा गोष्टी, त्या आहेत म्हटलं की गोळा आणि फारशा नाहीत म्हटलं की बरं. म्हणून पहिल्या मेलच्या दोन ओळी उलट्या दिशांना गेल्या, व्हॉल्व्ह हवेसे होते आणि काळजी नकोशी होती. नियम दोन्हीकडे एकच, फक्त पुढचा शब्द कुठल्या बाजूचा आहे ते बघायचं. रिस्कच्या वाक्यात त्याला 'अ' काढायला हवा होता, म्हणजे "फारशी जोखीम नाही" झालं असतं.

वरीड, कन्सर्न्ड, लेट, डिलेड अशा शब्दांपुढे विशेष सांभाळा, कारण "आय अ‍ॅम लिटल बिझी", "वी आर लिटल लेट" हे आपण बोलताना इतकं सर्रास बोलतो की कानाला ते बरोबरच वाटतं, आणि आपसात बोलताना कळतंही. पण कन्सर्न्डच्या आधी नुसतं लिटल लिहिलं तर इंग्रज माणूस 'यांना फारशी चिंता नाही' असंच वाचू शकतो. उलट त्यांच्याकडून "अ लिटल कन्सर्न्ड" आलं तर ते जरासं म्हणून सोडून देऊ नका. ब्रिटिश लोक ऑफिसच्या मेलमध्ये नाराजी मऊ करून लिहितात, तिथला 'अ लिटल' बऱ्याचदा सौजन्याचा असतो, मोजमापाचा नसतो.

आणि हो, तुलनेच्या शब्दापुढेही हेच होतं. रिजेक्शन "अ लिटल बेटर" म्हणजे जरा सुधारलंय. "लिटल बेटर" म्हणजे सुधारलंच नाहीये म्हणा. क्वालिटी रिपोर्टमध्ये मी हे पाहिलंय, सहा आठवडे मेहनत करून सुधारणा दाखवली आणि वाक्यात ती पुसून टाकली.

सगळ्यात पक्का उपाय मात्र वेगळाच आहे आणि मला तोच आवडतो. कामाच्या मेलमध्ये एकटं फ्यू आणि एकटं लिटल लिहायचंच नाही. इंग्रज लोकसुद्धा बोलताना ते फारसं वापरत नाहीत, ते नॉट मेनी, नॉट मच, हार्डली एनी, ओन्ली अ फ्यू असं म्हणतात, एकटं फ्यू जरा पुस्तकी वाटतं त्यांनाही. नॉट मेनीमध्ये नाही हे उघड दिसतं, एखादं अक्षर गळलं म्हणून 'आहे'चं 'नाही' होत नाही. आणि आकडा माहीत असेल तर आकडाच लिहा. आमच्या मेलला 'अ' घातला असता तर काम झालं असतं, पण खरं तर असं लिहायला हवं होतं:

```
38 of 240 valves are ready now.
Gaskets may be 5-6 days late.
Please approve the second make.
```

यात घाबरवणं नाही, थापटणं नाही, बायर 38 बघून स्वतः ठरवेल की इन्स्पेक्टर पाठवायचा की नाही. आणि दुसरं, गॅस्केटचं काय करायचं तेही त्याला सांगितलंय, नुसती काळजी कळवून थांबलेलो नाही.

आकडा लिहायचा आग्रह मी आणखी एका कारणाने धरते. त्याच ऑर्डरमध्ये हायड्रो टेस्टला 38 पैकी 3 व्हॉल्व्ह सीटला गळले, ते काढून पुन्हा लॅपिंग केलं आणि मग पास झाले. आता मेलमध्ये "फ्यू लीक्स" लिहिलं तर बायर निर्धास्त होईल, "अ फ्यू लीक्स" लिहिलं तर टेस्ट रिपोर्ट मागेल. दोन्ही वाक्यं 3 ला धरून खोटी नाहीत. आमच्यातल्या एका अनुभवी माणसाने हसत सुचवलं की 'अ' काढून टाक, विषय संपेल. मी नाही काढला. अशा वेळी तुम्ही भाषा नीट वापरत नसता, समोरच्याचं लक्ष वळवत असता, आणि साइटवर एखादा व्हॉल्व्ह गळला की तो हाच मेल काढून दाखवणार. 38 टेस्ट केले, 3 सीटला गळले, लॅपिंग करून रीटेस्टला पास, रिपोर्ट जोडलाय, असं लिहिलं. त्याने दोन प्रश्न विचारले आणि मान्य केलं.

वाचतानाची एक फसगत राहिली. बायरकडून ड्रॉइंगवर मेल आला की "क्वाइट अ फ्यू कॉमेंट्स" आहेत, आणि मुलाने साहेबांना सांगितलं की थोड्याच कॉमेंट्स आहेत, उद्या सुधारून पाठवतो. फाइल उघडली तर प्रत्येक शीटवर लाल ढगच ढग. क्वाइट अ फ्यू म्हणजे बऱ्याच, बऱ्यापैकी जास्त, तिथे 'च'ची कसोटी लावूच नका, तो जोडशब्द तसाच पाठ करून टाका. आणि "ओन्ली अ फ्यू"मध्ये 'अ' दिसत असला तरी अर्थ 'थोडेच'चाच आहे, ओन्लीने तो फिरवलाय. व्हेरी, सो, टू यांच्या पुढे फ्यू आणि लिटल 'अ' शिवायच येतात आणि त्यांचा अर्थ नकाराचाच असतो, म्हणजे "व्हेरी फ्यू" हे 'अगदी थोडेच'. आमच्या मुलाने जास्तीची काळजी म्हणून "व्हेरी अ फ्यू" लिहिलं होतं, तसं काही नसतं.

आणि मेल गेलाच असेल तर. पहिल्यांदा मी चूक केली होती की बायरला समजावत बसले, आम्हाला अ फ्यू म्हणायचं होतं, फ्यू नाही, आणि तो अजूनच गोंधळला, त्याला वाटलं आम्ही आता शब्द फिरवतोय. त्यापेक्षा जुन्या वाक्याला हातच लावू नका. त्याच थ्रेडमध्ये नवीन मेल टाका, वर आकडे, खाली त्याच्याकडून काय हवंय ते, आणि शक्य असेल तर त्याच दिवशी, कारण त्याने एकदा इन्स्पेक्टरचं बुकिंग रद्द केलं की मग आकडे पाठवून उपयोग नसतो. आमच्या त्या गेट व्हॉल्व्हच्या केसमध्ये मी मंगळवारी संध्याकाळी वरच्या तीन ओळी पाठवल्या. इन्स्पेक्टरची तारीख तोवर गेलेली होती, ती काही परत मिळाली नाही, पण रात्री दहा वाजता उत्तर आलं, पहिलाच प्रश्न होता की 38 कुठल्या साइझचे आहेत, आणि खाली दुसऱ्या मेकचा डेटाशीट मागितला होता.